फोटोतला ग्राफ हाताने सोडवायचाय: क्रुस्कल घेऊ की प्रिम?

फोटोत ग्राफ आहे, एजवर वेट लिहिलेत आणि मिनिमम स्पॅनिंग ट्री काढायचंय, तर माझं मत क्रुस्कलला, कारण त्यात सगळ्या एज आधी कागदावर उतरवून चढत्या क्रमाने लावाव्याच लागतात, मग एखादी सुटली की मोजताना लगेच कळतं. प्रिममध्ये एका नोडपासून निघून दर वेळी झाडाला लागून असलेली सगळ्यात स्वस्त एज शोधायची, म्हणजे परत परत फोटोत बघायचं, आणि जिथे दोन रेषा एकमेकींना कापतात तिथला आकडा नक्की कुठल्या रेषेचा हे दर वेळी नव्याने ठरवायचं.

समजा फोटोतून ही यादी निघाली: डी-ई 1, ए-सी 2, बी-सी 3, ए-बी 4, बी-डी 5, सी-ई 6, सी-डी 7, डी-एफ 8, ई-एफ 9. पहिल्या तीन घेतल्या. ए-बी नाही, कारण ए वरून सी मार्गे बी ला आधीच जाता येतं. आता बी-डी, इथेच बरेच जण फसतात, दोन्ही नोड आधी वापरलेत म्हणून सायकल होणार असं समजून ती खोडून टाकतात! पण बी आहे ए-सी च्या गटात आणि डी आहे ई सोबत वेगळ्या गटात, त्यामुळे ही एज घ्यायचीच. "दोन्ही टोकं आधी आलीत म्हणजे नको" हा नियम प्रिममध्ये बरोबर आहे, तिथे झाड एकच असतं, क्रुस्कलमध्ये मात्र दोन्ही टोकं एकाच गटात आहेत का ते बघायचं, म्हणून प्रत्येक गटाला वेगळा रंग द्या आणि दोन गट जोडले की एकच रंग करा. पुढे सी-ई आणि सी-डी सायकल करतात, डी-एफ घेतली, 6 नोडला 5 एज झाल्या, थांबा. बेरीज 19. प्रिम ए पासून केलं तर 2, 3, 5, 1, 8 अशा क्रमाने याच एज येतात.

आता फोटो धूसर आहे आणि 6 की 9 ते कळत नाही असं झालं, तर नाकारलेली एज ज्या दोन नोडना जोडते त्यांच्यामधला झाडातला रस्ता बघा आणि त्यावरची सगळ्यात महाग एज शोधा. सी पासून ई पर्यंत ती 5 ची आहे, म्हणजे सी-ई 6 असो की 9, उत्तर तेच. पण ई पासून एफ च्या रस्त्यावर ती 8 ची आहे, त्यामुळे ई-एफ खरंतर 6 असेल तर डी-एफ बाहेर जाते आणि बेरीज 17 होते, तेव्हा तेवढा आकडा झूम करून बघाच.

प्रिम कधी घ्यायचं? फोटोत चित्राऐवजी वेटचा तक्ता असेल, किंवा जवळपास प्रत्येक नोड प्रत्येकाला जोडलेला असेल तेव्हा, कारण 10 नोडच्या पूर्ण ग्राफमध्ये 45 एज होतात आणि त्या सगळ्या क्रमाने लावण्यापेक्षा तक्त्यातल्या ओळी बघत जाणं बरंच सोपं पडतं.