येशूप्रार्थना: श्वासाशी जोडून की श्वासाविना?

‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ ही ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती साधूंच्या मौन-ध्यानाच्या हेसिकास्ट परंपरेतली छोटी प्रार्थना दोन रीतींनी केली जाते.

पहिल्या रीतीत साधक बसतो, मान झुकवून लक्ष छातीत, हृदयाच्या जागी आणतो आणि श्वास मंद करतो. पुढे रूढ झालेल्या पद्धतीप्रमाणे श्वास घेताना पूर्वार्ध व सोडताना ‘दया कर’ हा उत्तरार्ध म्हणतो. ग्रीसमधील अ‍ॅथोस पर्वतावरील तेराव्या शतकातील साधू निकेफोरोस यांनी मनाला श्वासासोबत हृदयात उतरवायला सांगितले. चौदाव्या शतकात या रीतीचे टीकाकार, विद्वान बार्लाम यांनी अशा साधूंची ‘बेंबीत आत्मा असलेले’ अशी टर उडवली, तेव्हा अ‍ॅथोसचेच साधू ग्रेगरी पालामास यांनी उत्तर दिले की देहही प्रार्थनेत सहभागी असतो आणि नवख्याचे मन सतत भटकत असल्याने त्याला हा आधार उपयोगी पडतो.

दुसऱ्या रीतीत श्वासाला हात लावायचा नाही; ओठांनी सावकाश म्हणत मन शब्दांच्या अर्थात गुंतवायचे. एकोणिसाव्या शतकातील रशियन बिशप थिओफान यांचा कल हाच होता, कारण मार्गदर्शकाविना श्वास रोखणाऱ्याला छातीत ताण जाणवतो आणि देहाची ऊब हीच कृपा असल्याचा भ्रम होतो.

जवळ अनुभवी गुरू नसेल, तर मला दुसरी रीतच योग्य वाटते. निकेफोरोस यांनीही श्वासाने हृदयात प्रवेश न साधणाऱ्याला छातीतल्या छातीत केवळ ही प्रार्थना चालू ठेवण्यास सांगितले होते.