कामा की साधा ईएमए?

भावाच्या सरासरी रेषेवर सौदे करणाऱ्यांचा हा नेहमीचा पेच. ईएमए ही ताज्या भावांना जास्त वजन देणारी, ठरलेल्या वेगाची सरासरी; कामा ही कॉफमन यांची, भावाच्या चालीप्रमाणे वेग बदलणारी. दोन्ही १० दिवसांच्या घेऊ.

भाव १०० वरून १०२ वर आला, पण रोजच्या चढउतारांची बेरीज २० भरली, तर कार्यक्षमता गुणोत्तर, म्हणजे निव्वळ बदल भागिले ही बेरीज, ०.१. नेहमीच्या २ आणि ३० दिवसांच्या वेगमर्यादांवर कामा भावाकडे अंतराच्या जेमतेम दीड टक्का सरकते; ईएमए मात्र १८ टक्के, म्हणून भावाला खोटे छेद देत बसते. तेवढ्याच बेरजेत भाव ११८ ला गेला, तर गुणोत्तर ०.९ आणि कामाची झेप ३७ टक्के.

गोची वळणावर होते. तेजी उलटली की जुनी चढण नव्या घसरणीला खाते, गुणोत्तर शून्याजवळ येतं आणि कामा नेमकी तिथेच थिजते. ईएमए आधी वळते.

आडव्या बाजारात उगाच सौदे नको असतील तर कामा. झटपट उलटणाऱ्या भावात ईएमएच बरी.