पीपीटी सरांची, तास दुसऱ्याचा: Create Handouts आणि आमची दोन पानी स्क्रिप्ट, काही महिन्यांच्या वापरानंतर

आमची शाळा परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. विज्ञानाचे सर कधी प्रशिक्षणाला, कधी मतदार यादीच्या कामाला. आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर त्यांची पीपीटी येते आणि खाली एक ओळ: "उद्या दहावी ब ला एवढं घ्यायला सांगा." वेळापत्रक माझ्याकडे असल्यामुळे ऑफ तासाला कुणाला पाठवायचं ते मी ठरवतो. बहुतेक वेळा मोकळ्या असतात त्या इतिहासाच्या मॅडम. पूर्वी अशा तासाला पोरं वही काढून स्लाइड उतरवून घ्यायची, नाहीतर नुसती हजेरी व्हायची. जूनपासून मी त्या पीपीटीवरून स्क्रिप्ट बनवून देतोय. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर घेतलेलं नाही. पॉवरपॉइंटमध्येच असलेली, पण आमच्याकडे कुणी न वापरलेली एक सोय आहे, तिचा हा अनुभव.

संगणकावर पीपीटी उघडून `File > Export > Create Handouts` असं गेलं की एक खिडकी येते. तिथे `Notes next to slides` आणि खाली `Paste` निवडायचं. वर्डमध्ये तीन रकान्यांचा तक्ता तयार होतो: स्लाइडचा क्रमांक, स्लाइडचं छोटं चित्र आणि शेजारी सरांनी नोट्समध्ये लिहिलेलं जे काही असेल ते. नोट्स कोऱ्या असतील (आमच्याकडे नव्वद टक्के वेळा कोऱ्याच असतात) तर `Blank lines next to slides` घ्यावं, म्हणजे हाताने लिहायला रेघा मिळतात. `Paste link` च्या वाटेला जाऊ नका, मूळ फाइल हलली की तो दुवा तुटतो. वर्डची फाइल बरीच जड होते, म्हणून पाठवताना पीडीएफ करूनच पाठवावी. मोबाइलवरच्या ॲपवर विसंबू नका, हे काम संगणकावरच करायचं.

फाइल उघडल्यावर पहिली अडचण फॉन्टची. सर घरच्या संगणकावर जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात. तो फॉन्ट शाळेच्या संगणकावर नसला की 'उष्णता' च्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. यावर खात्रीचा इलाज म्हणजे सरांनीच पीपीटीसोबत तिची पीडीएफही पाठवायची. दुसरी अडचण अ‍ॅनिमेशनची. पडद्यावर उत्तर क्लिक केल्यावर येतं, पण छापील चित्रात प्रश्न, उत्तर, बाण सगळं एकावर एक येऊन बसतं. म्हणून वर्डकडे वळण्याआधी पीपीटी एकदा `F5` दाबून सुरुवातीपासून चालवून बघावी आणि कुठल्या क्लिकला काय येतं ते पेन्सिलीने टिपून घ्यावं. दहा मिनिटं जातात, पण त्याशिवाय पुढचं काम होत नाही.

आता खरी गोष्ट. तक्ता तयार झाला म्हणजे स्क्रिप्ट झाली नाही. स्लाइडवर असतं ते सरांना आठवण राहावी म्हणून, मधली वाक्यं त्यांच्या डोक्यात असतात. ती वाक्यं कागदावर आणणं हेच काम. 'उष्णता' प्रकरणातल्या अप्रकट उष्म्याच्या तासाचं उदाहरण घेतो, कारण ती स्क्रिप्ट आता तिसऱ्या तुकडीत वापरून झाली आहे.

सरांच्या अकरा स्लाइड होत्या. चौथ्या स्लाइडवर फक्त एक आलेख: आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर तापमान, A पासून B पर्यंत सपाट रेषा, B ते C चढ, C ते D पुन्हा सपाट. एक शब्द नाही. विज्ञानाच्या माणसाला तेवढं पुरतं. इतिहासाच्या मॅडमनी तो बघून मला विचारलं, "सर, रेघ आडवी कामून झाली, हे मी पोरांना काय सांगू?" हाच प्रश्न पोरं विचारणार होती, म्हणून स्क्रिप्टमध्ये मी त्याच जागी थांबलो. तिथला मजकूर असा:

"विचारा: शेगडी चालू आहे, बर्फाला उष्णता मिळतेय, तरी A ते B तापमान शून्यावरच का? थांबा, दोन-तीन उत्तरं येऊ द्या. 'उष्णता बाहेर निघून जाते' हे उत्तर बहुतेक येईल. चूक म्हणू नका. विचारा: मग तेवढ्या वेळात बर्फाचं काय झालं? उत्तर 'वितळला' येईल. बोला: मिळालेली उष्णता कणांमधलं आकर्षण बल तोडण्यात खर्च झाली, म्हणून तापमान वाढलं नाही. हाच अप्रकट उष्मा. फळ्यावर लिहा: बर्फ वितळताना 80 कॅलरी प्रति ग्रॅम, पाण्याची वाफ होताना 540 कॅलरी प्रति ग्रॅम."

'प्रति ग्रॅम' मी मुद्दाम अधोरेखित केलं, कारण स्लाइडवर नुसतं '540 कॅलरी' होतं. सरांना ते चालतं, त्यांच्या तोंडात उरलेलं आपोआप येतं. ऑफ तासाला गेलेल्या माणसाच्या तोंडून मात्र नेमकं जेवढं छापलंय तेवढंच बाहेर पडतं.

याच आलेखात आणखी एक खोच होती. दोन्ही सपाट रेषा सारख्याच लांबीच्या काढलेल्या. शेगडी एकाच दराने उष्णता देत असेल तर AB, BC, CD यांना लागणारा वेळ साधारण 80, 100 आणि 540 या प्रमाणात हवा, म्हणजे CD ही AB च्या जवळजवळ पावणेसातपट लांब. पहिल्याच तुकडीत एका मुलीने हे विचारलं आणि मॅडम अडकल्या. आता स्क्रिप्टमध्ये स्लाइड 4 शेजारी लिहिलंय: "आकृती मापात नाही. कुणी विचारलं तर शाबासकी द्या आणि सांगा की खरी CD कितीतरी लांब असते."

गणित एकच ठेवलं, तेही पायरीपायरीने सोडवून दिलं. 0 अंशाच्या 5 ग्रॅम बर्फाची 100 अंशाची वाफ करायला किती उष्णता? बर्फ वितळायला 5 × 80 = 400, पाणी 0 वरून 100 अंशावर न्यायला 5 × 1 × 100 = 500, वाफ व्हायला 5 × 540 = 2700, एकूण 3600 कॅलरी. शेजारी सूचना: "पोरं मधली पायरी विसरून 3100 काढतात. 3100 दिसलं की म्हणा, पाणी गरम करायचं राहिलं." विषय न शिकवणाऱ्या माणसाला बरोबर उत्तरापेक्षा चुकीचं उत्तर कसं दिसतं हे कळलेलं जास्त उपयोगी पडतं, असं माझं आता पक्कं मत झालंय. त्याच्या जोरावर ती व्यक्ती बाकांमधून फिरू शकते.

उदाहरण मात्र स्लाइडवरचं घेतलं नाही. स्लाइडवर बर्फाळ तळ्याचा फोटो होता. मी त्या जागी माठ लिहिला. आमच्याकडे एप्रिलच्या कोरड्या उन्हात माठातलं पाणी गार का होतं, हे इतिहासाच्या मॅडमही आत्मविश्वासाने बोलू शकतात: पाणी पाझरून बाहेर येतं, त्याचं बाष्प होताना लागणारी उष्णता माठातून आणि आतल्या पाण्यातून घेतली जाते. त्यावर "पण माठातलं पाणी उकळत नाही, मग वाफ कशी?" हा प्रश्न येतोच. त्याचं एका वाक्याचं उत्तर स्क्रिप्टमध्ये आहे: पृष्ठभागावरून बाष्पीभवन कुठल्याही तापमानाला होतं, उकळणं 100 अंशाला. अशी मी स्वतः घातलेली प्रत्येक गोष्ट तारा काढून दाखवतो. सर परत आल्यावर त्यांना कळायला हवं की आपलं काय आणि माझं काय.

35 मिनिटांच्या तासात हजेरी आणि पोरं स्थिर होणं वजा केलं की 25 ते 28 मिनिटं हातात उरतात. अकरा स्लाइड त्यात बसत नाहीत. कुठल्या सोडायच्या हे मी स्वतः ठरवत नाही, सरांना फोन करतो आणि तीनच गोष्टी विचारतो: मागच्या तासाला कुठे थांबलात, कुठली स्लाइड झालीच पाहिजे, कुठली तुम्ही स्वतः घेणार? या वेळी पुनर्हिमायनाच्या दोन स्लाइड सरांनी स्वतःकडे ठेवल्या, कारण तारेने बर्फ कापायचा प्रयोग त्यांना हातानं दाखवायचा होता. स्क्रिप्टमध्ये त्या स्लाइडवर फुली आणि 'सर घेतील' एवढंच. गणिताच्या खाली ठळक रेघ मारून लिहिलं, "इथपर्यंत झालं की तास झाला."

प्रोजेक्टरचं म्हणाल तर वीज गेली की तो गेला. उन्हाळ्याच्या तोंडावर हे नेहमीचंच. म्हणून प्रत्येक स्लाइडपुढे 'वीज नसेल तर' असा चौकोन ठेवतो. बहुतेक ठिकाणी त्यात पाठ्यपुस्तकातली आकृती उघडायला सांगितलेली असते, आलेखासाठी फळ्यावर काढायच्या तीन रेघा.

तक्रारीही आहेत. पहिली म्हणजे वेळ. एका तासाच्या स्क्रिप्टला मला अजूनही पाऊण ते एक तास लागतो, आणि सकाळी सातला कळलं की सर येणार नाहीत, तर हे जमतच नाही. तेव्हा मी फक्त सुरुवातीचा प्रश्न, अवघड स्लाइडचं स्पष्टीकरण आणि एक सोडवलेलं गणित एवढंच एका पानावर लिहून देतो. दुसरी म्हणजे जास्त लिहिण्याचा मोह. सुरुवातीच्या स्क्रिप्ट चार-चार पानी, अक्षर न् अक्षर लिहिलेल्या होत्या. ऑफ तासाला गेलेली माणसं त्या नाकासमोर धरून वाचायची आणि मागची बाकं झोपायची. आता पूर्ण वाक्यं फक्त तीन ठिकाणी असतात: पहिला प्रश्न, अवघड स्लाइड आणि शेवटचा प्रश्न. बाकी ठिकाणी 'लिहा', 'विचारा', 'दाखवा' यापुढे दोन-चार शब्द. दोन पानं, पाठपोट एक कागद.

भूमितीला ही पद्धत फारशी चालली नाही. रचना पडद्यावर एकेक पायरीने उलगडते आणि कागदावर सगळी एकदम येते. प्रत्येक पायरीचं वेगळं चित्र काढत बसण्यापेक्षा तो तास दुसऱ्या गणिताच्या शिक्षकाशी अदलाबदल केलेला परवडतो. भाषेच्या पीपीटीवरूनही मी स्क्रिप्ट करत नाही. तिथे पुस्तकातला धडाच पुरेसा असतो.

कागदाच्या तळाशी चार बोटं जागा मोकळी सोडतो. तिथे मॅडम लिहितात, कुठल्या स्लाइडपर्यंत पोचलं आणि उत्तर न देता आलेले प्रश्न कोणते. मागच्या वेळी तिथे होतं: "स्लाइड 7 पर्यंत. वाफेनं भाजलेलं उकळत्या पाण्यापेक्षा जास्त का भाजतं, असं एकाने विचारलं." दुसऱ्या दिवशी सरांनी तास तिथूनच सुरू केला: फळ्यावरचा 540 चा आकडा दाखवला आणि म्हणाले, तेवढी उष्णता वाफ प्रत्येक ग्रॅममागे कातडीवर सोडून मगच पाणी होते.