तारीख आणि वार एकाच ओळीत: क्रॉन काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आमच्या टीमची ठरलेल्या वेळेची जवळपास सगळी कामं गेले कित्येक महिने मी क्रॉनवर चालवतो आहे. रात्रीचा बॅकअप, जुन्या लॉगची साफसफाई, दर तासाला होणारी डेटाची जुळवणी आणि महिन्यातून एकदा जाणारा अहवाल. पहिल्या तीन कामांबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही. एकदा ओळ लिहिली की ती चालत राहते, आणि क्रॉनवर माझा विश्वास बसला तो त्यामुळेच. चौथ्या कामाने मात्र मला मॅन पेज शब्द न् शब्द वाचायला लावलं, शेवटी सोर्स कोडही उघडायला लावला. हा अनुभव मुख्यतः त्याचाच आहे.

ओळीची रचना थोडक्यात सांगतो. क्रॉनटॅबच्या ओळीत आधी पाच रकाने येतात: मिनिट, तास, महिन्यातली तारीख, महिना आणि वार. त्यापुढे कमांड. वार ० ते ७ असा लिहितात, त्यात ० आणि ७ दोन्ही म्हणजे रविवार. `*` म्हणजे त्या रकान्यावर बंधन नाही. स्वल्पविरामाने यादी, `-` ने पल्ला आणि `/` ने टप्पा देता येतो. दर मिनिटाला क्रॉन जागा होतो, आत्ताची वेळ प्रत्येक ओळीशी ताडून बघतो आणि जुळली तर कमांड चालवतो. मागच्या वेळी ही कमांड कधी चालली होती, याचा तो कुठलाही हिशेब ठेवत नाही. मिनिट, तास आणि महिना हे तिन्ही जुळलेच पाहिजेत, इथवर सगळं सरळ आहे. तारीख आणि वार यांचा नियम मात्र वेगळा आहे.

आमचा अहवाल महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी ९ वाजता जायला हवा होता. पहिला सोमवार १ ते ७ तारखांच्या मध्येच येतो, हे कोणालाही पटेल. त्यामुळे सर्व्हरवर आधीपासून ही ओळ होती:

```
0 9 1-7 * 1 /usr/local/bin/ahwal.sh
```

वाचताना ही ओळ अगदी बरोबर वाटते. तारीख १ ते ७ आणि वार सोमवार. पण क्रॉन ती अशी वाचत नाही. तारीख आणि वार या दोन्ही रकान्यांवर बंधन असेल, तर दोन्हींपैकी एक जरी जुळला तरी कमांड चालते. म्हणजे वरच्या ओळीचा खरा अर्थ असा: १ ते ७ यांपैकी कुठलीही तारीख असेल तेव्हा, किंवा कुठलाही सोमवार असेल तेव्हा.

ऑक्टोबर २०२५ घेऊन बघू. १ तारखेला बुधवार होता, सोमवार आले ६, १३, २० आणि २७ तारखेला. आपल्याला हवा फक्त ६. ओळ चालते १, २, ३, ४, ५, ६, ७, १३, २० आणि २७ तारखेला. एकाच्या जागी दहा वेळा. महिन्यात पाच सोमवार असतील तर अकरा वेळा. यातली वाईट गोष्ट अशी की ६ तारखेला अहवाल वेळेवर जातोच, त्यामुळे ज्याला तो हवा असतो त्याची तक्रार येत नाही. कमांड फक्त फाइल तयार करून जुन्या फाइलवर लिहीत असेल, तर बाकीच्या नऊ वेळा कोणाच्या लक्षातही येत नाहीत. ती मेल पाठवत असेल किंवा कुठली रक्कम वळती करत असेल, तर मात्र पहिल्याच आठवड्यात गोंधळ होतो.

हा नियम मुद्दाम ठेवलेला आहे आणि मॅन पेजमध्ये स्पष्ट लिहिलेला आहे. तिथलं उदाहरण `30 4 1,15 * 5` असं आहे: दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला, शिवाय दर शुक्रवारी, पहाटे साडेचार वाजता. अशी गरज कधी कधी खरंच असते. पण माझ्या पाहण्यात ज्यांनी ज्यांनी दोन्ही रकाने भरले, त्यांना जवळपास प्रत्येक वेळी 'आणि' हवं होतं, 'किंवा' नव्हे.

आता स्टारकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे. वार सोमवार आणि तारीख `*` अशी ओळ फक्त सोमवारी चालते, रोज नाही. मग इथे 'किंवा' कुठे गेलं? पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या क्रॉनमध्ये, आणि त्यातून पुढे आलेल्या आजच्या लिनक्सवरच्या क्रॉनमध्ये, हा निर्णय साधारण असा होतो:

```
(DOM_STAR || DOW_STAR) ? (dom && dow) : (dom || dow)
```

इथे `dom` म्हणजे तारीख आणि `dow` म्हणजे वार. दोनपैकी एका जरी रकान्याला स्टारची खूण असेल तर दोन्ही जुळायला हवेत, एकालाही नसेल तर एक जुळला तरी पुरे. आणि ही खूण लावताना क्रॉन रकान्यातलं फक्त पहिलं अक्षर बघतो. रकाना `*` ने सुरू झाला की खूण लागली, पुढे काहीही असो.

याचा परिणाम प्रत्यक्ष बघण्यासारखा आहे. विषम तारखेला येणाऱ्या सोमवारी काम चालवायचं आहे असं धरू. या दोन ओळी घ्या:

```
0 9 */2 * 1    /usr/local/bin/kaam.sh
0 9 1-31/2 * 1 /usr/local/bin/kaam.sh
```

`*/2` आणि `1-31/2` दोन्हींमधून निघणाऱ्या तारखा अगदी त्याच: १, ३, ५ करत ३१ पर्यंत. पण पहिल्या ओळीत तारखेचा रकाना स्टारने सुरू होतो, म्हणून तिथे 'आणि' लागू होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती फक्त १३ आणि २७ तारखेला चालेल. दुसरीत त्या रकान्यात स्टार नाही, म्हणून 'किंवा'. ती सोळाही विषम तारखांना चालेल, वर ६ आणि २० हे सोमवारही धरेल. एकूण अठरा वेळा. कोणी ओळ 'नीट वाचता यावी' म्हणून `*/2` चं `1-31/2` केलं, तर कामाचं वेळापत्रकच बदलतं, आणि बदल तपासणाऱ्यालाही त्यात काही वावगं दिसणार नाही. (`*/2` म्हणजे एक दिवस सोडून एक, हेही पूर्ण खरं नाही. ३१ तारखेनंतर लगेच १ येते, तेव्हा काम सलग दोन दिवस चालतं.)

याच स्टारचा फायदा घेऊन पहिला सोमवार `0 9 */100,1-7 * 1` असाही लिहितात. `*/100` मधून फक्त १ तारीख निघते, ती १ ते ७ मध्ये आहेच, आणि सुरुवातीच्या स्टारमुळे 'आणि' लागू होतं. व्हिक्सी घराण्यातल्या क्रॉनवर हे चालतं. तरीही मी ते वापरत नाही आणि टीममध्ये कोणाला वापरूही देत नाही. त्या ओळीचा अर्थ फक्त ज्याला हा नियम माहीत आहे त्यालाच कळतो, आणि दुसऱ्या कुठल्या शेड्यूलरवर ती तशीच चालेल याची खात्री नाही.

माझ्याकडे आता सगळीकडे हीच पद्धत आहे: क्रॉनच्या दोनपैकी एकच रकाना भरायचा आणि दुसरी अट कमांडमध्ये तपासायची.

```
0 9 1-7 * * [ "$(date +\%u)" = 1 ] || exit 0; /usr/local/bin/ahwal.sh
```

क्रॉन पहिले सात दिवस ओळ चालवतो. `date +%u` वाराचा आकडा देतो, सोमवार १ ते रविवार ७. सोमवार नसेल तर ओळ तिथेच संपते. यातल्या तीन गोष्टी मी जाणूनबुजून अशा ठेवल्या आहेत. `%` च्या आधीची उलटी तिरपी रेघ सोडायची नाही, कारण क्रॉनटॅबमध्ये नुसतं `%` म्हणजे नवीन ओळ. तिथे कमांड तुटते आणि पुढचा मजकूर तिला इनपुट म्हणून जातो. टर्मिनलवर नीट चालणारी ओळ क्रॉनमध्ये पडते, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. दुसरं म्हणजे, वाराचं नाव देणारं `%a` न वापरता आकडा वापरला, कारण नाव सर्व्हरच्या भाषेच्या सेटिंगप्रमाणे बदलतं. आणि तिसरं, `&&` ऐवजी `|| exit 0` लिहिलं. `&&` ने कामात फरक पडत नाही, पण सोमवार नसलेल्या सहा दिवशी ओळ १ हा कोड देऊन संपते, आणि एक्झिट कोडवर लक्ष ठेवणारं मॉनिटरिंग असेल तर ते सहाही दिवस काम फसल्याची सूचना पाठवतं.

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारसाठी १ ते ७ सारखा पल्ला देता येत नाही, कारण शेवटचे सात दिवस महिन्यागणिक बदलतात: ३१ दिवसांच्या महिन्यात २५ पासून, ३० च्या महिन्यात २४ पासून, फेब्रुवारीत २२ किंवा २३ पासून. तिथे मी वाराचा रकाना भरतो आणि सात दिवसांनी महिना बदलतो का ते विचारतो:

```
0 18 * * 5 [ "$(date -d '+7 days' +\%m)" != "$(date +\%m)" ] || exit 0; /usr/local/bin/band.sh
```

हे `-d` जीएनयूच्या `date` चं आहे. मॅक किंवा बीएसडीवर ते असं चालत नाही.

या पद्धतीची एक उणीव आहे. क्रॉनच्या लॉगमध्ये अहवालाची ओळ महिन्यातून सात वेळा दिसते, कारण क्रॉनने ती खरंच सात वेळा सुरू केलेली असते. लॉगमधली `CMD` ची नोंद म्हणजे अहवाल गेल्याचा पुरावा नव्हे. म्हणून काम पूर्ण झालं की स्क्रिप्ट स्वतःच्या लॉगमध्ये वेगळी नोंद करते आणि तपासताना मी तीच बघतो. उलट, जुन्या ओळींमध्ये ही चूक दडली आहे का हे शोधायला मात्र क्रॉनचा लॉग उत्तम. डेबियनवर `journalctl -u cron`, रेड हॅटकडे `journalctl -u crond`. महिन्यातून एकदा अपेक्षित असलेलं काम सुरुवातीला सलग सात दिवस आणि मग दर आठवड्याला दिसलं, तर दुसरं कारण शोधायची गरज नाही.

एक्स्प्रेशनचं वाक्य करून दाखवणाऱ्या साइट्सवर मी विसंबत नाही. `1-7 * 1` साठी त्या '१ ते ७ तारखेला आणि सोमवारी' अशा धाटणीचं वाक्य देतात, आणि ते वाचून चुकलेल्या माणसाचा गैरसमज आणखी पक्का होतो. पुढच्या दहा-बारा वेळांची यादी मिळत असेल तर ती बघा. तारखा बघितल्या की चूक लगेच दिसते.

ओळ एका शेड्यूलरवरून दुसऱ्यावर नेताना जास्त जपावं लागतं. क्वार्ट्झमध्ये सुरुवातीला सेकंदांचा रकाना असतो, तारीख आणि वार यांपैकी एका जागी `?` द्यावंच लागतं, आणि वार १ म्हणजे रविवार. आपला सोमवारचा `1` तिथे नेला की काम रविवारी चालतं. म्हणून मी वार नेहमी `MON` असा अक्षरांत लिहायला सांगतो, ते दोन्हीकडे चालतं. क्वार्ट्झमध्ये पहिल्या सोमवारसाठी `MON#1` ही सोय आहे आणि ती फार चांगली आहे. स्प्रिंगमध्ये तारीख आणि वार दोन्ही जुळावेच लागतात, म्हणजे क्रॉनमध्ये दहा वेळा चालणारी अट तिथे एकदाच चालते.

नवीन सर्व्हरवर अशी कामं मी आता `systemd` च्या टायमरवर ठेवतो. तिथे वार आणि तारीख एकत्र दिली की अर्थ 'आणि' असाच होतो, आणि पुढच्या तारखा आधीच तपासता येतात:

```
systemd-analyze calendar --iterations=6 "Mon *-*-01..07 09:00:00"
```

रोजच्या आणि तासाच्या कामांना मात्र क्रॉनच ठेवला आहे. तिथे तो हलवायचं मला काहीच कारण दिसत नाही.