अँटी-डंपिंगची नोटीस: त्याने दडवलेली तारीख

देशातल्यापेक्षा स्वस्तात माल बाहेर विकल्याचा आरोप करणारी परदेशी सरकारची अँटी-डंपिंगची नोटीस आली की हातपाय गळतात, आणि नेमका तेव्हाच ‘मी समजावून सांगतो’ म्हणणारा भेटतो. माझे 2,350 डॉलर असे गेले. 350 भाषांतराचे, 2,000 ‘नोंदणी फी’चे.

त्याने दीड पानात सांगितलं की तुमच्या मालावर 25 टक्के ड्युटी लागली आहे, फी भरा, मी कमी करून आणतो. मूळ नोटीस 19 पानांची. तिची दीड पानं कशी झाली, हे तिथेच विचारायला हवं होतं. त्याहून जळतं ते वेगळंच. अकराव्या पानावर ठळक अक्षरांत एक तारीख होती. भाषा येत नसली तरी आकडे कळत होते. मी बोट ठेवून विचारलं, ही कसली तारीख? तो म्हणाला, छापल्याची. अहो, ती पुढच्या महिन्यातली होती! मला खटकलं आणि तरी मी गप्प बसलो. खरेदीदाराचे दिवसाला चार फोन येत असताना माणूस वाद घालत नाही.

ड्युटी लागलीच नव्हती. ती फक्त तपास सुरू झाल्याची नोटीस होती. 25 टक्के हा तिथल्या तक्रारदार कारखान्यांचा आरोप होता: निर्यातदारांच्या देशात विक्री 5 डॉलर किलोने, निर्यात 4 ने, फरक 1, भागिले 4. आणि ती तारीख तपासाच्या प्रश्नावलीचं उत्तर देण्याची शेवटची होती. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार त्यासाठी किमान 30 दिवस मिळतात, सबळ कारण दाखवलं तर मुदत वाढवूनही मागता येते. तपास करणाऱ्या सरकारी खात्याने उत्तरासाठी एक पैसा मागितला नव्हता. फीचं नाव निघालं की नोटिशीत छापलेल्या ईमेलवर स्वतः विचारा.

माझा कारखान्याच्या दारातला भाव देशात 4.38 डॉलर, निर्यातीला 4.30. फरक 8 सेंट, म्हणजे 1.86 टक्के. फरक 2 टक्क्यांच्या आत असेल तर त्या निर्यातदाराविरुद्धचा तपास थांबवावा लागतो. माझी बिलं त्यांच्या पडताळणीत टिकली असती, तर मी सुटलो असतो. पण उत्तरच गेलं नाही. मग ‘उपलब्ध माहिती’वर, म्हणजे तक्रारदारांच्याच आकड्यांवर निकाल लागला. ड्युटी आयातदार भरतो, म्हणून त्याने ऑर्डरच रद्द केली.

पोलीस म्हणाले, हा देण्याघेण्याचा वाद आहे. निर्यातीच्या कार्यालयाने वकिलातीकडे पाठवलं, वकिलातीने परत त्याच कार्यालयाकडे. तीन आठवडे हेच! छोट्या कंपन्यांच्या अडचणी लक्षात घेऊन शक्य ती मदत करावी, असं त्याच करारात तपास करणाऱ्या खात्यांना सांगितलं आहे. मी त्या खात्याला लिहिलं, तर त्याच न समजणाऱ्या भाषेत दोन ओळी आल्या: मुदत संपली.

भाषांतर पानागणिक मागा. प्रत्येक तारखेपुढे, तोवर काय करायचं ते लिहून घ्या. भाषांतर करणाऱ्याने फीचे पैसे स्वतःच्या बँक खात्यात मागितले की उठून या. नव्या निर्यातदारांसाठी वेगळा फेरतपास असतो, पण ज्या काळातल्या विक्रीचा तपास झाला, त्या काळात माझा माल गेला होता, त्यामुळे तो मला लागू नाही. ड्युटी पाच वर्षांची आहे.