अधिवेशनाला जायचंय, पण रजा कोणती मागायची?

संघटनेचं तीन दिवसांचं अधिवेशन नागपूरला आहे, तुम्ही मुंबईतल्या केंद्र सरकारी कार्यालयात आहात, आणि रजेचा अर्ज पुढ्यात आहे. पर्याय तीन: विशेष नैमित्तिक रजा, साधी नैमित्तिक रजा किंवा अर्जित रजा. यातली कोणती मिळेल, हे बरंचसं निमंत्रणपत्र आणि विषयपत्रिकेवरून ठरतं. म्हणून अर्ज लिहिण्याआधी हे दोन कागद नीट वाचा.

विशेष नैमित्तिक रजा शक्य असेल तर तीच मागावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ती तुमच्या कुठल्याच रजेतून वजा होत नाही. मात्र संघटना मान्यताप्राप्त हवी. कॅलेंडर वर्षात पदाधिकाऱ्याला २० दिवसांपर्यंत, बाहेरगावी जाणाऱ्या प्रतिनिधीला किंवा कार्यकारिणी सदस्याला १० दिवसांपर्यंत आणि स्थानिक प्रतिनिधीला ५ दिवसांपर्यंत ती मिळू शकते. म्हणजे अधिवेशन दादरला असेल तर मुंबईतल्या प्रतिनिधीचा हिशोब ५ दिवसांचा, नागपूरला असेल तर १० दिवसांचा. हा हक्क नव्हे, कामाची निकड पाहूनच साहेब मंजुरी देतात.

खरी अडचण येते ती ‘प्रतिनिधी’ या शब्दापाशी. माझ्या पहिल्या अधिवेशनाचं निमंत्रण होतं, ‘सर्व सभासदांना आग्रहाचे निमंत्रण’. मी तेच जोडलं आणि अर्ज शेरा घेऊन परत आला: ‘प्रतिनिधी असल्याचा पुरावा जोडावा.’ मग शाखेने मला प्रतिनिधी म्हणून निवडल्याचा ठराव जोडला, तेव्हा रजा मिळाली. तेव्हापासून मी सरचिटणीसांकडून नावानिशी पत्र मागून घेतो.

दुसरी गफलत कार्यक्रमपत्रिकेची. स्वागत, दीपप्रज्वलन, सत्कार, भोजन एवढंच त्या रंगीत कागदावर असतं. आस्थापना शाखेला हवी असते विषयपत्रिका: सरचिटणीसांचा अहवाल, जमाखर्च, ठराव, पदाधिकाऱ्यांची निवडणूक, आणि कोणतं सत्र कोणत्या दिवशी. खुलं अधिवेशन कोणालाही ऐकता येतं, पण प्रतिनिधी सत्रात मत द्यायला तुम्हीच लागता. अर्जात नेमका त्याचाच उल्लेख करा.

आता हिशोब. समजा अधिवेशन गुरुवार ते शनिवार आहे आणि कार्यालयाला शनिवार-रविवार सुट्टी. बुधवारी कार्यालय सुटल्यावर रात्रीची गाडी धरली, शनिवारी दुपारी निवडणूक आटोपून निघालात, तर रविवारी घरी. रजा लागते फक्त गुरुवार-शुक्रवारची, दोन दिवस. सुट्टीच्या दिवसांसाठी मुख्यालय सोडण्याची परवानगी मात्र त्याच अर्जात मागा, ती हमखास राहून जाते.

नागपूरला नातेवाइकांकडे थांबून सोमवारही हवा असेल, तर फरक उघड दिसतो. अर्जित रजा घेतली तर मधले शनिवार-रविवार धरून पाच दिवस जातात. साधी नैमित्तिक रजा घेतली तर सुट्ट्या मोजल्या जात नाहीत, तीनच दिवस जातात, पण वर्षाला मिळतात आठच. सगळ्यात बरं म्हणजे गुरुवार-शुक्रवार विशेष नैमित्तिक आणि सोमवार साधी नैमित्तिक. ही जोड चालते. विशेष नैमित्तिक रजेला अर्जित रजाही जोडता येते, पण एकाच वेळी दोन्ही नाही.

अर्जित रजा मी शेवटी ठेवतो. ३०० दिवसांपर्यंत साठलेली ही रजा निवृत्तीच्या वेळी रोखीत मिळते, त्यामुळे आज गेलेला दिवस तेव्हाच्या पगाराने गेलेला असतो. ज्यांची मर्यादा आधीच भरली आहे, त्यांना हा विचार तितका करायला नको.

अर्जाचा मुख्य भाग एवढा पुरे:

विषय : संघटनेच्या अधिवेशनास प्रतिनिधी म्हणून उपस्थित राहण्यासाठी विशेष नैमित्तिक रजा मिळणेबाबत.
संदर्भ : १) सरचिटणीसांचे निमंत्रणपत्र, दिनांक … २) अधिवेशनाची विषयपत्रिका
‘विषयपत्रिकेतील मुद्दा क्र. ४ व ६ वर शाखेच्या वतीने मी मतदान करणार आहे. शाखेचा ठराव सोबत जोडला आहे. परत आल्यावर उपस्थिती प्रमाणपत्र सादर करीन.’

हे प्रमाणपत्र शेवटच्या दिवशी मंडपातूनच शिक्क्यासह घ्या. नंतर कुरिअरने मागवत बसलात आणि ते आलं नाही, तर तेच दिवस तुमच्या खात्यातल्या रजेत वळवले जाऊ शकतात.

मुंबईतल्या खासगी कार्यालयात ही विशेष रजा गृहीत धरू नका. युनियनच्या करारात कलम असेल तरच ती मागा आणि अर्जात त्या कलमाचा क्रमांक द्या. नाहीतर महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ खालची आठ दिवसांची नैमित्तिक रजा आहे. ती तिमाहीनुसार जमा होते, म्हणून फेब्रुवारीतल्या तीन दिवसांच्या अधिवेशनाला खात्यात दोनच दिवस सापडतील.