पुरवठादाराच्या खातेउताऱ्याशी ताळमेळ: ईआरपीतली जुळवणी सात महिने वापरल्यावर

आमच्या ईआरपीत पुरवठादाराचा खातेउतारा अपलोड करून आपल्या लेजरशी जुळवायची सोय आली, तेव्हापासून दर महिन्याचा ताळमेळ मी त्यातच करते. त्याआधी दोन प्रिंटआउट शेजारी ठेवून पेन्सिलीने टिक करायचो. सोय चांगली आहे, काम निम्म्याहून कमी वेळात होतं. पण हिरव्या खुणा दिसल्या म्हणून खातं जुळलं असं मी आता धरत नाही.

पहिल्याच महिन्यात एकही ओळ जुळली नाही. कारण साधं होतं. आपल्याकडे बिल जमेला पडतं ते त्यांच्याकडे नावे असतं, आणि पेमेंट व डेबिट नोटचं याच्या बरोबर उलट. अपलोड करताना बाजू उलटवायचा पर्याय मी निवडलाच नव्हता. दुसरी अडचण बिल नंबरांची. एक्सेलमध्ये फाइल उघडून सेव्ह केली की नंबराच्या सुरुवातीची शून्यं उडतात, म्हणून तो कॉलम आधीच टेक्स्ट म्हणून आणायचा. तिरप्या रेघा आणि डॅश काढायला मी शेजारच्या कॉलममध्ये हे सूत्र लावते:

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(UPPER(A2),"/",""),"-","")
```

या सोयीची खरी कसोटी लागली ती एका पार्टीच्या खात्यावर. त्यांच्याकडून आम्ही सुटे भाग घेतो आणि दुरुस्तीची कामंही करून घेतो. महिनाअखेर आमच्या पुस्तकात देणं 4,12,600 होतं, त्यांच्या उताऱ्यात 4,61,100. फरक 48,500. स्क्रीनवर न जुळलेल्या ओळींत सगळ्यात वर 60,000 चं पेमेंट होतं. आम्ही ते 31 तारखेला टाकलं, त्यांच्याकडे 3 तारखेला जमा झालं. सहकारी म्हणाला, "पेमेंट वाटेत आहे, पुढच्या महिन्यात आपोआप जुळेल, सोडून द्या." पण नुसतं पेमेंट वाटेत असतं तर फरक 60,000 चाच असायला हवा होता. तो 48,500 होता, म्हणजे आत आणखी काहीतरी होतं आणि त्यातलं काही उलट्या बाजूचं होतं.

दुसरी ओळ सापडली ती 18,500 च्या डेबिट नोटची. नाकारलेल्या मालाची नोट आम्ही पाठवली होती, त्यांनी तिची क्रेडिट नोट काढलीच नव्हती. आता पेमेंट आणि नोट मिळून 78,500 झाले, म्हणजे फरकापेक्षा 30,000 जास्त. तेव्हा आमच्याच पुस्तकात 30,000 चं देणं जादा दिसत असणार. आमच्या न जुळलेल्या ओळींत तेवढ्याच रकमेचं दुरुस्तीचं बिल होतं, नंबर 457-B. त्यांच्या उताऱ्यात 457/B एकदाच होतं आणि ते आमच्या दुसऱ्या नोंदीशी आधीच जुळलेलं होतं. एकच बिल आमच्याकडे दोनदा चढलं होतं: एकदा मेलवर आलेल्या स्कॅनवरून, एकदा टपालाने आलेल्या कागदावरून. नंबर तंतोतंत सारखा असेल तरच ईआरपी अडवतं, आणि दुरुस्तीच्या कामाला खरेदी आदेश नव्हता, त्यामुळे मालाच्या पावतीशी होणारी तपासणीही झाली नाही. 457-B ची जादा नोंद मी उलटवून घेतली. तिच्यासाठी डेबिट नोट काढली नाही, कारण ती पार्टीच्या खात्यात कधीच चढली नसती आणि नवीन फरक कायमचा राहिला असता. आमचं देणं 3,82,600 झालं. त्यात 60,000 आणि 18,500 मिळवले की बरोबर 4,61,100. पुढच्या पेमेंटच्या यादीत ती जादा नोंद पात्र म्हणून आलेलीही होती.

म्हणून आता न जुळलेल्या प्रत्येक ओळीला मी कारण देते आणि सगळ्या ओळींची बेरीज फरकाइतकी येईपर्यंत ताळमेळ बंद करत नाही.

नुसत्या रकमेवरून जुळवायचा पर्याय मी तिसऱ्या महिन्यात बंद केला. दर महिन्याला सारख्याच रकमेचं बिल देणाऱ्या पार्टीचं एप्रिलचं बिल मेच्या बिलाशी जुळवलं गेलं आणि आमच्याकडे न चढलेलं बिल दिसलंच नाही. नंबर आणि रक्कम दोन्ही लागतात. फरकाची सूटही मी फक्त राउंडिंगपुरती ठेवली आहे. ती वाढवली की वाहतुकीचे छोटे छोटे फरक हिरव्या खुणेखाली गडप होतात.

उतारा मागताना नुसती थकबाकीची यादी घेऊ नका, मागच्या जुळलेल्या तारखेपासूनचं पूर्ण लेजर मागा. थकबाकीच्या यादीत चुकती झालेली बिलं नसतात, त्यामुळे पेमेंट कोणत्या बिलाला लावलं ते कळत नाही. आणि आरंभीची बाकी जुळत नसेल तर पुढच्या ओळींना हात लावण्यात अर्थ नाही.

एक तक्रार मात्र कायम आहे. मी दिलेली कारणं पुढच्या महिन्यात स्क्रीनवर येत नाहीत. 18,500 ची ती डेबिट नोट तीन महिने नव्याने "न जुळलेली" म्हणून दिसत होती. शेवटी परतीचं चलन आणि त्यांच्या गोदामाचा शिक्का असलेली प्रत पाठवली, तेव्हा क्रेडिट नोट आली. अशा नोटांची वेगळी यादी मी अजून हातानेच ठेवते.